सॉलिडवर्क्समधली जड असेंब्ली: आधी कुठे हात घालायचा?

प्रश्न: कोळंबी धुण्याच्या आणि ग्रेडिंगच्या लाइनची असेंब्ली सॉलिडवर्क्समध्ये केली आहे. साधारण अडीच हजार पार्ट झालेत. उघडायला १४ मिनिटं लागतात, मॉडेल फिरवलं की अडकत अडकत फिरतं, एक मेट लावला तरी चहा पिऊन येईपर्यंत गोल फिरत राहतं. लाइटवेट करून बघितलं, थोडा फरक पडला पण काम सुरू केलं की पुन्हा तेच. १६ जीबी रॅम आहे, ३२ करू का? पार्ट सिम्प्लिफाय करणं, फीचर सप्रेस करणं याने खरंच काही होतं का? (रत्नागिरी)

उत्तर:

रॅमचे पैसे आज खर्च करू नका. असेंब्ली उघडी ठेवून टास्क मॅनेजरमध्ये मेमरी किती भरली आहे ते बघा. १६ पैकी १५ च्या वर गेली असेल तर रॅम घ्या, उपयोग होईल. पण ९-१० वरच थांबली असेल आणि तरीही गाडं अडत असेल, तर ३२ काय, ६४ टाकली तरी तेवढंच अडेल. रीबिल्डचं बरंचसं काम प्रोसेसरचा एकच कोअर करतो आणि रॅम वाढवून तो कोअर जोरात पळत नाही.

मी कुडाळच्या एमआयडीसीत अन्नप्रक्रियेची मशिनरी डिझाइन करतो. तुमच्यासारखीच वेळ माझ्यावर आली ती आंब्याच्या पल्प लाइनवर. धुण्याची टाकी, निवडीचा कन्व्हेयर, पल्पर, प्रीहीटर, साठवण टाक्या, असे मिळून साधारण १,९०० पार्ट. उघडायला ११ मिनिटं. मे महिना, कॅनिंगचा हंगाम तोंडावर, दुपारी लाइट जाणार हे ठरलेलं आणि आमचा यूपीएस टिकायचा जेमतेम १० मिनिटं. म्हणजे फाइल पूर्ण उघडायच्या आधीच यूपीएस झोपायचा. मालक मागे उभे राहून विचारायचे, "ह्यां उघडतला कधी रे?"

मीही तेव्हा तुमच्यासारखंच पहिल्यांदा लाइटवेट केलं. ११ मिनिटांची ४ झाली. पण फिरवताना मॉडेल तसंच अडखळत होतं. असं का होतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं जातं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

लाइटवेटमध्ये सॉलिडवर्क्स पार्टचा सगळा डेटा मेमरीत घेत नाही. स्केच, फीचर, त्यांचा इतिहास हे सगळं डिस्कवरच राहतं आणि गरज पडली की त्या पार्टपुरतं आत येतं. म्हणून उघडण्याचा वेळ वाचतो. पण पडद्यावर दिसायचा पार्ट दिसावाच लागतो, आणि ग्राफिक्स कार्ड तो त्रिकोणांनी रंगवतं. पार्ट लाइटवेट असो नाहीतर रिझॉल्व्ह्ड, त्रिकोण तेवढेच. म्हणजे फिरवताना अडकणं हा त्रिकोणांचा प्रश्न आहे आणि लाइटवेटचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. शिवाय एखादा पार्ट एडिट करायला घेतला की तो रिझॉल्व्ह होतोच. तुम्ही म्हणता तसं 'काम सुरू केलं की पुन्हा तेच' होतं ते यामुळे. जड पार्ट लाइटवेट केला म्हणून हलका होत नाही, त्याचं ओझं फक्त पुढे ढकललं जातं.

त्यामुळे आधी ओझं कुणाचं आहे ते शोधा. `Evaluate` टॅबवर `Assembly Visualization` आहे. ते चालू केलं की डावीकडे पार्टची यादी येते. वरच्या रकान्याच्या शेजारचा बाण दाबून तिथे `Graphics-Triangles` निवडा आणि उतरत्या क्रमाने लावा. मग तिथेच `SW-Open Time` आणि `SW-Rebuild Time` लावून बघा. त्याच टॅबवरचं `Performance Evaluation` सुद्धा एकदा चालवा. कुठल्या फाइल जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह झालेल्या आहेत ते त्यात कळतं. जुनी फाइल प्रत्येक वेळी उघडताना नव्याने बदलून घ्यावी लागते, आणि आमच्याकडे पाच-सहा वर्षांपूर्वीच्या लाइनमधले पार्ट जसेच्या तसे उचललेले असतात. ते फक्त नव्या व्हर्जनमध्ये उघडून सेव्ह केले तरी काही सेकंद सुटतात.

माझ्या यादीत सगळ्यात वर टाकी, पल्पर यांपैकी काहीच नव्हतं. पहिल्या नंबरला होता धुण्याच्या टाकीतला भोकांचा ट्रे. पूर्ण असेंब्लीत साधारण ४१ लाख त्रिकोण, त्यातले २२ लाख एकट्या ह्या ट्रेच्या चार नगांचे.

हिशोब करून बघा म्हणजे पटेल. ट्रे १,२०० बाय ६०० मिमीचा, २ मिमी जाडीचा, ३०४ स्टीलचा. ८ मिमीची भोकं, १२ मिमीच्या त्रिकोणी पिचवर. कडेची जागा सोडून एका ट्रेत साधारण साडेपाच हजार भोकं बसतात. एक गोल भोक पडद्यावर २४ सरळ तुकड्यांनी दाखवलं असं धरा. भोकाच्या भिंतीला ४८ त्रिकोण लागतात. वरचा आणि खालचा सपाट पृष्ठभाग त्या भोकाभोवती कापत न्यावा लागतो, त्याचे दोन्ही मिळून साधारण ५२. म्हणजे भोकामागे १०० त्रिकोण. साडेपाच हजार गुणिले शंभर, साडेपाच लाख. चार ट्रे म्हणजे २२ लाख. तुमच्या लाइनमध्ये कोळंबी निथळायचे ट्रे असणार, ग्रेडरच्या जाळ्या असणार. माझी पैज आहे की तुमच्याही यादीत वर तेच निघतील.

आता उपाय. ट्रेची पार्ट फाइल उघडली आणि कॉन्फिगरेशन मॅनेजरमध्ये दोन कॉन्फिगरेशन केली. एकाचं नाव `PURNA`, दुसऱ्याचं `HALKA`. `HALKA` मध्ये भोकांचं पॅटर्न सप्रेस केलं. चार कोपऱ्यांतली फ्रेमला बसवायची भोकं तशीच ठेवली, कारण बोल्ट त्यांतूनच जातात. मग भोकांच्या भागाभोवती एक चौकोन स्केच करून स्प्लिट लाइन मारली आणि तेवढा भाग करडा रंगवला, म्हणजे बघणाऱ्याला ही जाळी आहे हे कळतं. दोन्ही कॉन्फिगरेशन एकेकदा चालू करून `Ctrl+Q` ने रीबिल्ड केली आणि सेव्ह केली. फाइलचा आकार यानंतर कमी होत नाही, उलट थोडा वाढू शकतो. त्याने गोंधळू नका, आपल्याला डिस्कवरचे एमबी मोजायचे नाहीत.

हे करताना माझा पहिला प्रयत्न फसला. पॅटर्न सप्रेस केलं तर कोपऱ्यातली भोकंही गायब झाली, आणि कडेचा एक बेंडही गेला. कारण मी ट्रे काढताना आधी जाळी पाडली होती आणि नंतरची फीचर तिच्या कडा धरून काढली होती. आई सप्रेस झाली की पोरंही सप्रेस होतात. त्यामुळे झाडाचा क्रम बदलावा लागला: आधी पत्रा, मग बेंड, मग बसवायची भोकं, आणि सगळ्यात शेवटी जाळी. फिलेट, कोरलेलं नाव, ग्रिपच्या खाचा ही असली फीचरही तशीच शेवटी ढकलायची आणि त्यांच्या कडांवर दुसरं काही बांधायचं नाही. हे शिस्तीत केलं असेल तर पार्ट हलका करणं दोन क्लिकचं काम आहे, नसेल तर अर्धा दिवस जातो.

तीच गोष्ट मेटची. असेंब्लीत कुणी ट्रेचा मेट एखाद्या फिलेटच्या पृष्ठभागाला किंवा जाळीतल्या भोकाला दिलेला असेल, तर `HALKA` लावताच तो मेट लाल होतो, कारण त्याने धरलेली जागाच उरत नाही. मी आता मेट शक्यतो पार्टच्या मूळ प्लेनना नाहीतर पहिल्या एक्सट्रूडच्या मोठ्या पृष्ठभागांना देतो. मेट फोल्डरमध्ये लाल चिन्ह दिसलं की पहिला संशय यावरच घ्यायचा.

मग असेंब्लीतही दोन कॉन्फिगरेशन केली, एकात चारही ट्रे `HALKA` वर आणि दुसऱ्यात `PURNA` वर. ट्रे निवडून उजव्या क्लिकमध्ये `Component Properties` उघडलं की `Referenced configuration` बदलता येतं. बदल ह्याच कॉन्फिगरेशनपुरता करायचा की सगळ्यांत, हे तिथेच विचारतात, तिथे `This configuration` निवडायला विसरू नका. ट्रे पॅटर्नने लावले असतील तर पहिला बदलला की बाकीचे सहसा त्याच्या मागे जातात.

एवढ्या एका पार्टवर २२ लाख त्रिकोण गेले आणि फिरवताना अडकणं थांबलं. तेव्हाच लक्षात आलं की मी नऊ दिवस चुकीच्या जागी डोकं आपटत होतो.

दुसऱ्या नंबरला होत्या गिअर मोटर. सहा नग, प्रत्येकी दीड लाखाच्या वर त्रिकोण. उत्पादकाच्या साइटवरून स्टेप फाइल उतरवलेली, आत पिनियनचे दात, बेअरिंगच्या गोळ्या, पंख्याच्या जाळीच्या चिरा, बोल्टवर खरीखुरी वळसेदार आटी. आपल्याला त्यातलं काय हवं? शाफ्ट, बसवायचा फ्लँज, त्याची भोकं आणि बाहेरचा आकार, म्हणजे फ्रेमला आदळते का ते बघता यावं. स्टेप फाइल असेंब्ली म्हणून उघडली असेल तर `Save As` मध्ये पार्ट निवडा, तिथे `Exterior faces`, `Exterior components`, `All components` असे पर्याय येतात. पहिला सर्वांत हलका. पण त्यातून घन शरीर मिळत नाही, नुसते पृष्ठभाग मिळतात, म्हणजे त्या पार्टचं वजन येत नाही. मी मोटरचं वजन कॅटलॉगमधून घेऊन `Mass Properties` मधल्या `Override Mass Properties` मध्ये हाताने भरतो. तेच जास्त बरोबर येतं, कारण स्टेप फाइलमधल्या मोटरचं वजन तसंही खरं नसतं. एक मात्र आहे, नवी मोटर जुन्याच्या जागी बदलली की मेट पुन्हा जोडून द्यावे लागतात, कारण सॉलिडवर्क्सच्या दृष्टीने नव्या फाइलचे पृष्ठभाग वेगळे. सहा मोटरना मला तासभर लागला. उत्पादकाची फाइल असेंब्लीत टाकण्यापूर्वीच हलकी करून घेण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

आटी काढलेले बोल्ट दिसले तर दया दाखवू नका. साधा दंडगोल आणि वर कॉस्मेटिक थ्रेड पुरे. एका बोल्टने काही होत नाही, पण अशा लाइनमध्ये सहाशे बोल्ट सहज असतात.

हे सगळं झाल्यावर मी लाइटवेटकडे परत आलो, आणि आता त्याचा खरा उपयोग झाला. रिझॉल्व्ह्ड उघडायला साडेतीन मिनिटं, लाइटवेट उघडायला एक मिनिट दहा सेकंद. फाइल उघडायच्या खिडकीत `Mode` मध्ये `Lightweight` निवडा. लाइटवेट झालेल्या पार्टच्या आयकॉनवर झाडात पक्ष्याचं छोटं पीस दिसतं. मेट लावणं, मोजमाप घेणं, इंटरफरन्स तपासणं, सेक्शन बघणं हे लाइटवेटमध्येच होतं. त्यासाठी सगळं रिझॉल्व्ह करायची गरज नाही. बरेच जण सवयीने सगळं रिझॉल्व्ह करून टाकतात आणि मग लाइटवेटला नावं ठेवतात. दिवसभर काम करता करता बरेच पार्ट रिझॉल्व्ह झाले की वरच्या असेंब्लीवर उजवा क्लिक करून `Set Resolved to Lightweight` द्या, जेवायला जाण्यापूर्वी मी ते करतो.

लाइटवेटमध्ये जपायची गोष्ट एकच. दुसऱ्या कुणी मधेच पार्ट बदलून सेव्ह केला तर तुमच्याकडे जुनंच रूप दिसत राहू शकतं. ऑप्शन्समध्ये `Performance` च्या पानावर `Check out-of-date lightweight components` आहे, ते `Indicate` वर ठेवा. मग शिळ्या पार्टचं पीस लाल दिसतं. `Always Resolve` वर ठेवलं तर लाइटवेटचा अर्धा फायदा जातो.

आता कंपोनंट सप्रेस करण्याबद्दल. सगळ्यात जास्त वेग यातच मिळतो, आणि सगळ्यात जास्त घोळही यातच होतात. सप्रेस केलेला पार्ट मेमरीतच येत नाही, त्याचे मेटही सोडवावे लागत नाहीत. नुसतं लपवण्यात हे होत नाही. लपवलेला पार्ट दिसत नाही एवढंच, ओझं मेमरीत तसंच. मी पल्परच्या ड्राइव्हवर काम करताना `KAM-PULPER` नावाचं असेंब्लीचं वेगळं कॉन्फिगरेशन ठेवतो, त्यात टाक्या, कन्व्हेयर, पाइपिंग सगळं सप्रेस. मूळ कॉन्फिगरेशनला हात लावत नाही. अख्खी सबअसेंब्ली सप्रेस करा, सुटे पार्ट निवडत बसू नका. तुमचे अडीच हजार पार्ट सगळे एकाच पातळीवर टाकलेले असतील तर आधी त्यांच्या सबअसेंब्ली करा, नाहीतर प्रत्येक मेटला सॉलिडवर्क्स सगळ्यांचा हिशोब मांडत बसणार.

घोळ कुठे होतो? कामाच्या कॉन्फिगरेशनमध्ये तुम्ही नवा ब्रॅकेट टाकता, आणि मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये तो सप्रेस होऊन बसलेला असतो. मुख्य कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीजमध्ये `Suppress new components` ला टिक असते म्हणून. तिथली टिक काढून टाका. नाहीतर बीओएममध्ये ब्रॅकेट येत नाही आणि साइटवर फिटरचा फोन येतो.

वजनाचं तर सांगायलाच हवं. वरचा ट्रे भोकांशिवाय साडेअकरा किलोचा भरतो, भोकं पाडल्यावर साधारण ७.१ किलोचा. नगामागे ४.४ किलोचा फरक, चार ट्रेचा साडेसतरा किलो. उचलायच्या फ्रेमचा हिशोब `HALKA` वरून केला तर तेवढा चुकतो. म्हणून `HALKA` मध्येही वजन ७.१ किलो हाताने भरून ठेवलं, आणि तो आकडा त्याच कॉन्फिगरेशनपुरता लागलाय ना हे `PURNA` वर जाऊन तपासलं. बीओएममध्ये एकच ट्रे दोन नावांनी दिसू नये म्हणून दोन्ही कॉन्फिगरेशनच्या प्रॉपर्टीजमध्ये पार्ट नंबरसाठी `Document Name` ठेवलं.

आणि आता माझी फजिती. ट्रेचं कटिंग आम्ही कोल्हापूरकडून करून घेतो. त्या गडबडीत मी डीएक्सएफ काढली तेव्हा पार्ट `HALKA` वर होता. चार दिवसांनी फोंडा घाट उतरून टेम्पो आला, त्यात चार चकचकीत पत्रे, कोपऱ्यांत चार-चार भोकं, बाकी आरशासारखे सपाट. कटिंगवाल्याची काही चूक नाही, त्याला दिलं ते त्याने कापलं. मालकांनी पत्र्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि एवढंच म्हणाले, "आंबो हेच्यात धुवचो काय दाढी करूची?" आता ट्रेच्या स्वतःच्या ड्रॉइंगचा व्ह्यू मी `PURNA` ला बांधूनच ठेवलाय, डीएक्सएफ त्याच ड्रॉइंगमधून निघते. जीए ड्रॉइंग मात्र हलक्या असेंब्लीवरून करतो, ते उघडायलाही झटपट होतं आणि प्रिंटमध्ये जाळीच्या जागी काळा डाग येत नाही.

तुमच्याकडे आज संध्याकाळी करण्यासारखं म्हणजे `Assembly Visualization` चालवा आणि त्रिकोणांच्या यादीतली वरची पाच नावं इथे खाली लिहा. ग्रेडरच्या जाळ्या त्यात असतील तर त्यांच्या फाइलमध्ये जाळी झाडात कितव्या नंबरला आहे तेही सांगा, कारण ती मधे अडकली असेल तर क्रम कसा सोडवायचा ते बघावं लागेल.